पहिली पोर्ट्रेट ऑर्डर: पाच तासांचे एकोणीस झाले. दर, बदल आणि फाइलचं गणित कसं बसवता?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. फोटोवरून डिजिटल पोर्ट्रेट करून द्यायला नुकतीच सुरुवात केली आहे. हुबेहूब नाही, सपाट रंग, जाड रेघा, डोळे जरा मोठे, अशी शैली आहे. ओळखीतल्यांची चार-पाच चित्रं फुकट केली, मग जाहिरात टाकली आणि पहिली खरी ऑर्डर आली. एक ताई आईवडिलांना भेट देणार होत्या. दोघांचे वेगवेगळे फोटो आणि त्यावरून दोघांचं एकत्र चित्र.

मी मनात पाच तास धरून एक ठोक रक्कम सांगितली. जाहिरातीत 'समाधान होईपर्यंत बदल मोफत' असंही लिहून बसले होते. प्रत्यक्ष चित्राला आठ तास लागले. फोटो मागवणं, निरोपानिरोपी, फाइल काढणं यात आणखी दोन गेले. मग बदल सुरू झाले. पहिल्या दिवशी 'आईचं हसू थोडं वाढवा', दुसऱ्या दिवशी 'बाबा जाड वाटतात', तिसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीने चित्र पाहिलं आणि केसांचा रंग बदलला. पाचव्या दिवशी 'नाक पहिलं होतं तेच बरं होतं'. यात नऊ तास गेले. म्हणजे एकूण एकोणीस, आणि ठरवलेल्या तासाच्या दरातला जेमतेम पाव हिस्सा हातात.

काल सगळं मान्य झालं म्हणून फाइल पाठवली. आज निरोप आला की ए३ आकारात प्रिंट काढून फ्रेम करायची आहे. माझा कॅनव्हास चौरस आहे, २००० बाय २००० पिक्सेल. आता काय करू? आणि पुढच्या वेळी दर, बदल, फाइल हे तिन्ही आधीच कसं ठरवायचं?

रेघमारे
सोपं आहे. 'दोन बदल मोफत, तिसऱ्यापासून पैसे' एवढंच लिहायचं. मी हेच करतो, कुणी कटकट करत नाही. ए३ चं म्हणाल तर फाइलच्या सेटिंगमध्ये ७२ च्या जागी ३०० टाका, झालं प्रिंटसाठी तयार. आणि पोर्टलवरून काम घेत असाल तर त्यांचं २० टक्के कमिशन असतं, ते आपल्या दरावर २० टक्के चढवून टाकायचं. आपलं नुकसान शून्य.

खडूचा_चुरा
डिलिव्हरीबद्दल माझा सल्ला: चित्र कधीही घडी घालून पाठवू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळायचं, आतून बटर पेपर लावायचा. माझं एक सॉफ्ट पेस्टलचं चित्र फिक्सेटिव्ह न मारता पाठवलं होतं. पोचलं तेव्हा आजोबांच्या मिशा कपाळावर होत्या.

कोरा_कागद
खडूचा_चुरा, चित्र डिजिटल आहे हो, पाठवायची फक्त फाइल आहे. पण मिशा कपाळावर वाचून आज पहिल्यांदा हसले.

जुनी_पाटी
बारा वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी रेघमारे यांचं बघू, कारण त्यातलं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं महागात पडतं.

कमिशन आधी. समजा तुमच्या हातात चौदा तासांचे पैसे यायला हवेत. त्यावर २० टक्के चढवले की १६.८ होतात. पोर्टल त्याच १६.८ मधून २० टक्के कापणार, म्हणजे हातात उरले १३.४४. अर्ध्या तासाहून जास्त कामावर पाणी. चौदाला ०.८ ने भागायचं, म्हणजे साडेसतरा. १०० हवे असतील तर १२५ सांगायचे, १२० नाही.

आता बदल. कोरा_कागद, तुमचा घोळ बदलांच्या संख्येमुळे झालेला नाही. ते कुठल्या टप्प्यावर आले, तिथे झाला. ताईंनी चेहरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा चित्र रंगवून झालं होतं, बरोबर ना? कच्च्या रेघेत डोळा चार पिक्सेल वर सरकवायला दोन मिनिटं लागतात. रंगवल्यावर तोच डोळा सरकवायचा तर पापणी, भुवईखालची सावली, नाकाच्या कडेचा उजेड, सगळं नव्याने बसवावं लागतं आणि तास जातो. 'दोन बदल मोफत' म्हणून ते दोन्ही शेवटी खर्च झाले, तर ते दोन नऊ तासांचेही होऊ शकतात.

मी तीन वेळा थांबते. पहिलं थांबणं कच्च्या रेखाटनावर. राखाडी रेघा, रंग नाही. सोबत लिहिते: 'आत्ता फक्त चेहऱ्याची ठेवण, मान कुठे वळली आहे आणि कोण कुठे बसलं आहे एवढंच बघा. रंग आणि कपडे पुढच्या खेपेला.' त्यांचं 'ठीक आहे' लेखी आल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरं थांबणं सपाट रंग भरल्यावर. तिथे केस, कपडे, पार्श्वभूमी यांवर बोलायचं. तिसरं शेवटी, आणि तिथे फक्त बारीकसारीक. पहिल्या टप्प्यावर मी दोन फेऱ्या देते, दुसऱ्यावर एक, शेवटी एक. शेवटच्या टप्प्यावर कुणी चेहऱ्याची ठेवण बदलायला सांगितली की ते नवं काम, त्याचे तास वेगळे.

आणि फेरी म्हणजे काय तेही सांगून टाका. एका माणसाने, एका निरोपात पाठवलेली एक यादी, म्हणजे एक फेरी. तुमच्या ताईंनी पाच दिवसांत चार निरोप पाठवले आणि त्यात बहीणही आली. बहिणीला दाखवायचं तर खुशाल दाखवा, पण रेखाटनाच्या वेळी.

रेघमारे
कमिशनचं मान्य, तोंडावर पडलो. पण तीन-तीन वेळा थांबायचं म्हणजे गिऱ्हाईक उत्तर देईपर्यंत चार दिवस नुसतं बसून राहायचं. मी दोन दिवसांत चित्र देतो म्हणून तर लोक माझ्याकडे येतात.

जुनी_पाटी
तुमची शैली काय आहे? चेहऱ्यात नाक-डोळे नसलेली सपाट चित्रं करत असाल तर खरंच थांबायची गरज नाही, तिथे बिघडण्यासारखं काही नसतंच. डोळे, ओठ, सुरकुत्या आल्या की लागते. आणि मी हात बांधून बसत नाही, एका वेळी तीन ऑर्डरी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात.

रेघमारे
हो, माझ्या चित्रांत चेहरा कोराच असतो. 😅

निळावंती
मी चित्रकार नाही, पण गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहिते. बाबा गेल्यावर त्यांचं असंच चित्र करून घेतलं होतं. पहिलं चित्र आलं, सुंदर होतं, पण ते बाबा नव्हते. काय चुकलंय ते मला सांगता येईना. मी 'डोळे बघा जरा', 'हनुवटी बघा' असं काहीबाही कळवत राहिले. त्या चित्रकाराला मी किती छळलं असेन ते हा धागा वाचून कळतंय. शेवटी त्याने बाबांचे आणखी चार फोटो मागवले आणि त्यालाच सापडलं. बाबांची डावी भुवई उजवीपेक्षा चांगली वर होती, आणि त्याने चित्रात दोन्ही सारख्या केल्या होत्या. ती वर घेतली आणि मी फोनकडे बघून रडायलाच लागले.

सांगायचं हे की 'चेहरा उतरला नाही' असं म्हणणारा माणूस दर वेळी नखरे करत नसतो.

जुनी_पाटी
निळावंती, हे सोन्यासारखं लिहिलंत. शैली म्हटलं की हात आपोआप सगळं सरळ आणि सारखं करत जातो, आणि ओळख नेमकी त्या वाकडेपणात असते. म्हणून मी रंगवण्याआधी दोन गोष्टी करते. कॅनव्हास आडवा उलटवून बघते, आपली चूक आरशात लगेच दिसते. मग मूळ फोटो रेखाटनावर फिका करून ठेवते आणि डोळ्यांतलं अंतर, नाकाखालून ओठापर्यंतची जागा, भुवयांचा तिरपेपणा एवढंच ताडते. मुद्दाम वाढवलेलं वाढलेलंच राहू द्यायचं. नकळत सरळ झालेलं परत वाकडं करायचं.

गिऱ्हाईकाला 'काय आवडलं नाही?' असं मोघम विचारू नका. 'डोळे, जिवणी आणि चेहऱ्याची बाहेरची रेघ, या तिघांपैकी सगळ्यात परकं काय वाटतं?' असं विचारलं की सहसा उत्तर येतं.

अजून एक, फोटोच फसवतो. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी पुष्कळ फोनमध्ये आरशासारखी उलटी साठवली जाते. भांग आणि तीळ चुकीच्या बाजूला जातात. तुम्ही फोटोबरहुकूम काढता आणि घरचे म्हणतात, कुठेतरी चुकलंय. मागे पाटी किंवा शर्टावर अक्षरं असतील तर लगेच कळतं, नाहीतर विचारायचं: तीळ कुठल्या गालावर? शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. त्यावर आपली शैली आणखी फुगवली की संपलंच. दोन-तीन पावलं लांबून दुसऱ्याने काढलेला फोटो मागा, आणि चॅटवर साधा न पाठवता फाइल म्हणून पाठवायला सांगा. फोटो मोठा करून बघितला की बुबुळाची कड दिसली पाहिजे. नुसता काळा ठिपका दिसला तर काम घ्यायचं की नाही याचा विचार करा.

कोरा_कागद
अगं बाई! बाबांचा फोटो सेल्फीच होता. आणि 'बाबा जाड वाटतात' ही तक्रार... आत्ता उघडून बघितलं, कान जवळजवळ दिसतच नाहीयेत.

मग माझी चूक आणि त्यांची हौस यात फरक कसा करायचा? 'जाड वाटतात' हे फेरीत मोजायचं की नाही?

जुनी_पाटी
फोटोत असलेलं मी काढलं नाही किंवा चुकीचं काढलं, जसं तीळ राहिला, चष्म्याची काडी वेगळी आली, तर ती माझी चूक. फेरीत मोजत नाही. फोटोत आहे तसंच काढलंय पण आवडलं नाही, तर फेरीत मोजायचं. फोटोत नव्हतंच, जसं 'कुत्रापण घाला' किंवा 'साडीऐवजी दुसरं काही', तर नवं काम. तुमचं 'जाड' मधल्या खणात जातं. पण तसला फोटो तुम्ही स्वीकारलात, म्हणून मी असते तर एक फेरी सोडून दिली असती.

दराचं राहिलं. पहिल्या पाच-सहा चित्रांना घड्याळ लावा, निरोप लिहायचा वेळसुद्धा धरून. माझ्या कामात एका माणसाचं खांद्यापर्यंतचं चित्र म्हणजे सहा तास काढणं, दीड तास बोलणं आणि फाइल, दीड तास ठरलेल्या फेऱ्या. असे नऊ तास. किंमत नऊवर लावते. दीड तासाच्या फेऱ्या कुणी वापरल्या नाहीत तर तो माझा फायदा. दुसरा माणूस आला की दुप्पट होत नाही, कारण बोलणं, पार्श्वभूमी, फाइल एकच असते. साधारण पाच तास वाढतात, म्हणजे चौदा. मात्र दोघं वेगवेगळ्या फोटोंतून असतील तर आणखी दोन धरा. एकावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून. एक फोटो खालून काढलेला, दुसरा वरून. आणि डोक्यांचे आकार जुळता जुळत नाहीत. तुमची ऑर्डर माझ्या हिशेबाने सोळाची होती. तुम्ही पाच सांगितलेत.

रेघमारे
पण नवख्या माणसाला सोळा तासांची किंमत कोण देणार?

जुनी_पाटी
तासाचा दर कमी ठेवा की. तास खोटे लिहू नका. पाच तास लिहून सवय लागली की पुढे दर वाढवतानाही पाचावरच वाढवत बसता. आणि परवडत नसेल तर काम लहान करा: एकच माणूस, साधी एकरंगी पार्श्वभूमी.

शाईवाला
छपाईत आहे, फाइलींवर बोलतो. रेघमारे भाऊ, सेटिंगमधला ७२ चा ३०० केल्याने एक पिक्सेलसुद्धा वाढत नाही. तो आकडा फक्त सांगतो की कागदावर दर इंचाला किती पिक्सेल बसवायचे, म्हणजे दाटी किती. उलट सॉफ्टवेअरने पिक्सेल फुगवायला घेतले तर चित्र धुरकट होतं.

कोरा_कागद, तुमचे २००० पिक्सेल ३०० च्या दाटीने छापले तर चित्र १७ सेंटिमीटरचं होतं. ए३ ची रुंदी २९.७ सेंटिमीटर. तिथे दाटी १७१ वर येते. भिंतीवर टांगून लांबून बघायचं असेल तर १७१ ही काही आपत्ती नाही, ब्रशने मऊ रंगवलेलं चित्र खपून जातं. पण तुम्ही जाड रेघा म्हणालात, आणि कड पुसट झाली की रेघेत ती पहिली दिसते. शिवाय ए३ उभा आयत आहे, रुंदीच्या १.४१ पट उंच. २००० रुंदीला २८२८ उंची लागेल, तुमच्याकडे २०००. ८२८ पिक्सेलची पार्श्वभूमी नव्याने रंगवावी लागणार, नाहीतर बाजू कापाव्या लागणार आणि एकाचा खांदा जाणार.

मी असतो तर चित्र ३५०८ रुंदीला वाढवलं असतं, वर-खाली पार्श्वभूमी पसरून ४९६१ उंची केली असती आणि मग रेघा, डोळे, केसांच्या कडा त्या आकारात पुन्हा गिरवल्या असत्या. मऊ भाग तसेच सोडायचे.

कोरा_कागद
म्हणजे दोन-तीन तास. याचे पैसे मागू का? आकार मीच विचारला नव्हता.

जुनी_पाटी
विचारला नव्हतात, तर मी मागणार नाही.

शाईवाला
मी अर्धे मागेन. त्यांनीही सांगितलं नव्हतं. भिंतीवर लावायचंय हे भेट देणाऱ्याला आधीपासून माहीत असतं.

जुनी_पाटी
भिंत माहीत असते, पिक्सेल माहीत नसतात. ते विचारणं आपलं काम.

शाईवाला
असो, यावर आपलं जमणार नाही. पुढच्या वेळी पहिल्याच निरोपात विचारा: छापणार का, केवढं, उभं की आडवं? माहीत नाही म्हणाले तर ए३ धरून काढा. मोठ्याचं लहान कधीही होतं. टॅबवर काढत असाल तर कॅनव्हास मोठा केला की लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, कमी मिळतात, तेवढं आधी तपासा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे 'स्क्रीनवर उजळ होतं, प्रिंट काळपट आली'. फोनचा प्रकाश पूर्ण ठेवून रंगवलेलं असतं. प्रकाश निम्मा करून बघा, सावलीतले केस एकच काळा गोळा दिसले तर तो भाग उजळा. झगमगीत निळा आणि पोपटी कागदावर दबणारच, ते गिऱ्हाईकाला आधी सांगा. रंग स्वतः सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत, बदलून पाठवू नका, छापणाऱ्याने मागितल्याशिवाय. स्क्रीनच्या नेहमीच्या एसआरजीबीतच द्या, आम्ही आमच्या मशीनप्रमाणे बदलतो.

कडेला ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडा, कापताना लागतं. ए३ साठी ते ३०३ बाय ४२६ मिलिमीटर होतं. फ्रेमची पट्टीही कडेचं थोडं झाकते, म्हणून सही अगदी कोपऱ्यात करू नका. एका सुंदर चित्रावर चित्रकाराच्या नावाचं फक्त शेवटचं अक्षर उरलेलं मी पाहिलंय.

जुनी_पाटी
मी फोल्डर असा देते:

```
aai-baba_A3_print.png
aai-baba_A3_print_bleed.png
aai-baba_phone.jpg
```

दुसरीत कडेचं ते जास्तीचं चित्र धरलेलं असतं. तिसरी फाइल लांब बाजूला २००० पिक्सेलची, फोनवर पाठवायला. लिंक देते, आणि देण्याआधी ती स्वतः दुसऱ्या फोनवर उतरवून पिक्सेल मोजते. चॅटवर पाठवलेली फाइल दाबली जाते आणि लोक तीच छापायला नेतात.

निम्मे पैसे रेखाटनाआधी घेते. मंजुरीसाठी पाठवते ते चित्र १००० पिक्सेलचं आणि त्यावर आडवं नाव. उरलेले पैसे आले की हे फोल्डर.

रेघमारे
लेयरवाली फाइल मागितली तर? माझ्याकडे एकाने हट्टच धरला होता.

जुनी_पाटी
मी देत नाही. घरगुती वापरासाठी लागत नाही ती.

शाईवाला
मी गिऱ्हाईक असतो तर मागितली असती. पैसे मी दिलेत.

जुनी_पाटी
पैसे चित्राचे दिलेत. लेयर दिले की उद्या त्यातले बाबा उचलून कुणी कपावर छापून विकेल. विकायचं असेल तर तो वेगळा करार, वेगळी किंमत.

निळावंती
आणि फोटो एखाद्या स्टुडिओने काढलेला असेल तर? माझ्या बाबांचा तसाच होता. त्या चित्रकाराने विचारलं होतं, मला तेव्हा उगाच वाटलं.

जुनी_पाटी
उगाच नव्हतं. फोटोवर हक्क काढणाऱ्याचा असू शकतो, म्हणून 'हा फोटो वापरायची परवानगी माझ्याकडे आहे' एवढं एक वाक्य मी लेखी घेते. आणि चित्र माझ्या पानावर दाखवू का, हेही तेव्हाच विचारते. भेट असेल तर देण्याच्या दिवसानंतरच दाखवते. एकदा विसरले होते, आणि वाढदिवसाच्या आधीच त्या बाईंनी स्वतःचं चित्र माझ्या पानावर पाहिलं.

कोरा_कागद
ताईंना लिहिलं: 'छापायचा आकार मी आधी विचारायला हवा होता. ए३ साठी चित्र नव्याने बसवून देते, याचे पैसे नकोत. पण चेहऱ्यात आता बदल होणार नाही.' शाईवाला, माफ करा, या वेळी जुनी_पाटींचं ऐकलं.

जाहिरातीतली 'समाधान होईपर्यंत' ही ओळ काढली. बाबांचे कानही थोडे बाहेर घेतले, न सांगता.

जुनी_पाटी
न सांगता नको हो! मंजूर झालेल्या चेहऱ्याला हात लावलात तर परत सगळं सुरू होईल. आधी विचारा.

कोरा_कागद
विचारलं. उत्तर आलं: 'बहिणीला दाखवून सांगते.'